तेरापासून सतरापर्यंत: आठ पानांच्या एका पेपरचे फोटो आणि घसरलेले प्रश्नक्रमांक

इंदूरच्या लोकमान्यनगरात एक काकू घरी दहावीच्या गणिताची शिकवणी घेतात. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात, म्हणून जानेवारीत त्या मुलांकडून जमतील तेवढे प्री-बोर्डचे पेपर सोडवून घेतात. पेपर वेगवेगळ्या शाळांतून येतात. कुणीतरी मूल आपल्या पेपरचे फोटो ग्रुपवर टाकतं, कुणीतरी ते टाइप करून देतं, आणि झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटले जातात. उत्तरसूची मात्र मूळ पेपरबरोबरच आलेली असते आणि ती काकूंच्या वहीत राहते.

यंदा अशाच एका पेपरची तपासणी करताना काकूंना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. वर्गातल्या बऱ्यापैकी हुशार मुलीचे पाच प्रश्न सलग चुकले होते, 13 ते 17. त्याआधीचं सगळं बरोबर आणि 18 पासून पुढेही बरोबर. दुसरी वही उघडली तर तिथेही तेच, तिसऱ्या वहीतही तेच. काकूंनी मला बोलावून घेतलं, कारण पेपर टाइप करणाऱ्या मुलांचं काम अधूनमधून मी बघून देते.

"सगळ्यांना एकाच ठिकाणी कसं अडेल गं? धडे तर वेगवेगळे आहेत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या पाच प्रश्नांत श्रेढी होती, निर्देशांक भूमिती होती, त्रिकोणमितीही होती. चुका एकाच धड्यात असत्या तर मुलांना तो धडा आला नाही असं म्हणता आलं असतं. चुका सलग क्रमांकांच्या पट्टीत असतील आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना सगळं ठीक असेल, तर आधी क्रमांकांवर संशय घ्यावा. मी मुलीची वही आणि उत्तरसूची शेजारी ठेवून एकच उत्तर शोधलं. तिने 14 ला 47 लिहिलं होतं. उत्तरसूचीत 47 होतं, पण 13 समोर. 2, 7, 12 या श्रेढीचं दहावं पद, म्हणजे 2 + 9 × 5. गणित चोख होतं, फक्त एक घर खाली सरकलं होतं. मग 15 चं उत्तर 14 समोर सापडलं, 16 चं 15 समोर, 17 चं 16 समोर.

आणि तिचं 13 चं उत्तर, k = ±2√6, उत्तरसूचीत मिळालं ते 12 च्या रकान्यात, "अथवा" लिहिलेल्या ओळीत.

एवढ्यावर निम्मं कोडं सुटलं. अशी पट्टी जिथे सुरू होते तिथे एक प्रश्न जास्तीचा घुसलेला असतो. पण ती 17 ला संपत होती, म्हणजे 18 च्या आसपास एक प्रश्न हरवलाही असला पाहिजे, नाहीतर घसरण थेट शेवटपर्यंत गेली असती आणि पेपर 24 प्रश्नांचा झाला असता. टाइप केलेल्या पेपरात प्रश्न मोजले तर बरोबर 23. मूळ पेपरच्या सूचनांमध्येही 23 च. टाइप करणाऱ्या ताईने शेवटी मोजून पाहिलं होतं, आकडा जुळला म्हणून ती निर्धास्त झाली. एक वाढला आणि एक गळला की बेरीज जुळतेच. म्हणून नुसत्या संख्येवर माझा भरवसा नसतो.

फोटो कसे आले होते

कारण शोधायचं तर फोटोंपर्यंत जावं लागणार होतं. मी ग्रुपवरचे मूळ फोटो उघडले. आठ फोटो होते आणि पानांचा क्रम असा: 4, 6, 2, 8, 5, 3, 7, 1.

वरवर हा क्रम अगदी सैरभैर वाटतो, पण त्यामागे सरळ कारण आहे आणि ते समजलं की असा कुठलाही गठ्ठा दोन मिनिटांत लावता येतो. आठ पानांचा पेपर बहुधा दोन मोठ्या कागदांवर पाठपोट छापून, मधोमध दुमडून पिन मारलेला असतो. बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला पान 8 आणि पान 1 शेजारी असतात, मागच्या बाजूला 2 आणि 7. आतल्या कागदावर 6 आणि 3, त्यामागे 4 आणि 5. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी 9 येते. चार पानांच्या पेपरात ती 5 येते आणि बारा पानांच्या पेपरात 13, म्हणजे एकूण पानांपेक्षा एक जास्त. पेपर पिनेत असताना वाचणाऱ्याला ही रचना कधी जाणवत नाही. पण या मुलाने फोटो सपाट यावेत म्हणून पिन काढली, कागद सुटे केले आणि चार बाजूंचे चार फोटो घेतले.

फोटो पाठवताना त्याने गॅलरी उघडली. गॅलरीत सगळ्यात नवा फोटो सगळ्यात वर असतो. त्याने वरून खाली टिक केलं, म्हणजे शेवटी काढलेला फोटो आधी गेला. दोन पानं एकत्र असली की अक्षर बारीक दिसतं, म्हणून पाठवतानाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्याने आधी चारही फोटोंचा डावा भाग कापून पाठवला, मग पुन्हा तेच चार फोटो निवडून उजवा भाग. डावी पानं 4, 6, 2, 8 आणि उजवी 5, 3, 7, 1. पोराने मन लावून केलेलं काम होतं, त्यात त्याचा काही दोष मला दिसत नाही. फोटो कुणाला आणि कशासाठी जाणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताईने पानं नीट लावली होती, कारण प्रत्येक पानाच्या तळाशी पान क्रमांक छापलेला होता. पानांचा क्रम शंभर टक्के बरोबर होता. तरीही प्रश्नक्रमांक चुकले, कारण घोटाळा एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना, सांध्यात झाला होता.

दोन सांधे

आठ पानांना सात सांधे असतात. मी सगळे सांधे तपासले. तपासायची रीत अशी की पानाच्या शेवटच्या दोन ओळी आणि पुढच्या पानाच्या पहिल्या दोन ओळी मोठ्याने सलग वाचायच्या. पुढचं पान चार प्रकारे सुरू होऊ शकतं. नवा क्रमांक असतो, किंवा आधीच्या प्रश्नाचं वाक्य पुढे चालू असतं, किंवा (v) सारखा उपप्रश्न असतो ज्याचा मुख्य क्रमांक मागच्या पानावर राहिला आहे, किंवा आधीच्या प्रश्नाच्या "अथवा"चा दुसरा भाग असतो. पहिला प्रकार सोडला तर बाकी तिन्हींत पानाच्या माथ्यावर मुख्य क्रमांक दिसत नाही. तो मागून आणावा लागतो.

पान 4 च्या शेवटी प्रश्न 12 होता: x² − 5x + 6 = 0 ची मुळं काढा. त्याखाली पानाच्या अगदी तळाशी, मधोमध, "अथवा". त्याच ओळीला लागून उजवीकडे "कृ.पृ.उ." आणि खाली पान क्रमांक. फोटोत तो सगळा भाग थोडा अंधारात होता. ताईने ती सगळी ओळ पानाची तळटीप समजून सोडून दिली. पान 5 वर पहिलाच मजकूर होता: 2x² + kx + 3 = 0 ची मुळं समान असतील तर k ची किंमत काढा. क्रमांक नाही, पण नवं पान, नवं वाक्य, पूर्ण प्रश्न. वर्डमध्ये आपोआप क्रमांक देणारी यादी चालू होती. तिने एंटर दाबलं आणि संगणकाने 13 दिला.

त्याच पानावर खाली छापलेला 13 तिला दिसला असेलच. पण संगणक क्रमांक देत असला की माणूस क्रमांकाकडे बघतच नाही. प्रश्नाचा मजकूर टाइप होतो आणि आकडा यंत्रावर सोडला जातो. या प्रकरणात मला सगळ्यात घातक वाटली ती हीच सोय. पेपरवरचा क्रमांक हा प्रश्नाचाच भाग आहे. तो मजकुरासारखाच बघून उतरवायचा असतो, मोजून नव्हे.

दुसरा सांधा पान 6 आणि 7 मधला. पान 6 च्या शेवटी प्रश्न 17: माध्य, माध्यक आणि बहुलक यांच्यातला संबंध लिहा. पान 7 चा फोटो एका वर्गवारीच्या तक्त्यापासून सुरू होत होता. 0–10, 10–20 असे 40–50 पर्यंत वर्ग आणि खाली वारंवारता 5, 8, 15, 16, 6. संबंध लिहा आणि पाठोपाठ तक्ता. दोन्ही सांख्यिकीचेच. वाचणाऱ्याला वाटणार की तक्ता याच प्रश्नाचा आहे. ताईने तो आपल्या 18 खाली, म्हणजे खऱ्या 17 खाली, जोडून टाकला. सूचनांप्रमाणे 6 ते 17 प्रत्येकी 2 गुणांचे आणि 18 ते 20 प्रत्येकी 3 गुणांचे होते. तीन गुणांना एक संबंध आणि एक तक्ता हे अगदी शोभूनही दिसत होतं.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. कागद किंचित तिरपा ठेवून फोटो काढला होता आणि उजवा भाग कापताना वरची कड आडवी छाटली गेली होती. तक्त्याच्या वर, चौकटीला चिकटून, अक्षरांचे तळ तेवढे उरले होते, वेलांट्या आणि मात्रा नसलेली अर्धीमुर्धी ओळ. पान 7 ची पहिली ओळ, तिच्यातला 18 हा क्रमांक आणि "खालील तक्त्यावरून माध्य काढा" ही सूचना, सगळं कापलं गेलं होतं. मुलांनी तक्ता दिसला म्हणून माध्य काढलंही होतं. ते 27 येतं आणि उत्तरसूचीत 18 समोर 27 च होतं. म्हणूनच 18 ला कुणाचं काही चुकलेलं दिसलं नाही आणि पट्टी 17 ला थांबली.

गेलेली ओळ परत मिळवताना

काकूंनी लगेच ग्रुपवर विचारलं, हा पेपर आणखी कुणाकडे आहे का. दहा मिनिटांत एका मुलीने पान 7 चा स्वच्छ, सरळ फोटो टाकला. त्यात 18 वा प्रश्न होता, पण तक्त्याचा नव्हता. समरूप त्रिकोणांवरचा होता.

काकू म्हणाल्या, "मग हा तक्ता कुठला?"

तो फोटो दुसऱ्या संचाचा होता. शेजारी बसलेल्या मुलांनी बघून लिहू नये म्हणून शाळा एकाच पेपरचे दोन-तीन संच काढतात. प्रश्न बहुतेक तेच, क्रम वेगळा. संचाचं अक्षर या पेपरवर फक्त पान 1 वर छापलेलं होतं, त्यामुळे पान 7 चा एकटा फोटो पाहून तो कुठल्या संचाचा हे कळायला मार्ग नव्हता. ओळखलं ते खालच्या भागावरून. नव्या फोटोतले 19 आणि 20 आपल्याकडच्या 19 आणि 20 शी जुळत नव्हते. समजा फोटो फक्त वरच्या अर्ध्या पानाचा असता, तर आम्ही त्रिकोणाचा प्रश्न 18 म्हणून बसवून मोकळे झालो असतो आणि तक्ता अनाथ राहिला असता.

तेव्हापासून काकूंच्या वर्गात नियमच आहे. एखाद्या पानाचा फोटो पुन्हा मागवायचा तर त्यात आपल्याकडे आधीच असलेला निदान एक प्रश्न दिसला पाहिजे. तो शब्दशः जुळला तरच नवा भाग घ्यायचा.

खरी ओळ मिळाली ती त्या पहिल्या मुलाच्याच फोनमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पाठवताना फोटो कापला तरी गॅलरीतला मूळ फोटो तसाच राहतो. मी त्याला फोन करून तोच मूळ फोटो, न कापता, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोची प्रत घटवली जात नाही आणि कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नावही टिकतं. फोटो आला, डावीकडे पान 2, उजवीकडे पान 7, बेरीज 9. पान 7 च्या माथ्यावर ठळक 18.

दुरुस्ती

नव्याने टाइप करण्याआधी मी एक कोरा कागद घेऊन त्यावर पानवार नोंद केली. प्रत्येक पानासमोर तीनच गोष्टी: पानावर पहिलं काय आहे, शेवटचं काय आहे, आणि शेवटचं पूर्ण झालं आहे की पुढे चालू आहे. पान 1 समोर लिहिलं, "सूचना ते 1(iv), चालू". पान 2, "1(v) पासून". पान 4, "12, अथवा, चालू". पान 5, "12 चा अथवा, मग 13". पान 6, "17 पूर्ण". पान 7, "18 पासून". ही नोंद करायला दहा मिनिटं लागतात आणि ती समोर असली की टाइप करताना कुठला क्रमांक कुठून आणायचा हा प्रश्नच उरत नाही.

फाइलींना `p01.jpg`, `p02.jpg` अशी नावं दिली आणि पान 7 च्या नव्या फोटोला `p07b.jpg`. आकड्यापुढे शून्य ठेवणं बरं, कारण पानं दहाच्या वर गेली की कित्येक ठिकाणी `p10` हे `p2` च्या आधी येऊन बसतं. जुना फोटो पुसला नाही. उद्या कुणी विचारलं की तक्ता आधी तिथे का होता, तर दाखवता यायला हवं.

वर्डमधली आपोआप क्रमांक देण्याची सोय बंद केली. ती `File → Options → Proofing → AutoCorrect Options → AutoFormat As You Type` मध्ये `Automatic numbered lists` या नावाने असते. दुसऱ्याचा संगणक असेल आणि सेटिंगला हात लावायचा नसेल, तर यादी सुरू झाल्या झाल्या `Ctrl+Z` दाबलं तरी क्रमांक साधा मजकूर होऊन राहतो. उपप्रश्नांना मी नुसतं (v) न लिहिता 1(v) लिहिते. ताईच्या प्रतीत पान 2 वर (v) आणि (vi) च्या जागी पुन्हा (i) आणि (ii) सुरू झाले होते, आणि पहिल्या प्रश्नात दोन (i) आले होते. मुलांनी ते समजून घेतलं म्हणून तिथे गुण गेले नाहीत एवढंच. "अथवा"चा दुसरा भाग दुसऱ्या पानावर असेल तर त्याच्या आधी "12 अथवा" असं लिहिते, म्हणजे तो भाग चुकून सुटा पडला तरी कुणाचा आहे ते कळतं.

जो क्रमांक फोटोत दिसत नाही तो अंदाजाने लिहायचा नाही, हे मी फार कटाक्षाने पाळते. 17 आणि 19 दिसत असतील तर मधला 18 च असणार हे खरं असलं, तरी त्या क्रमांकाचा मजकूर कुठून सुरू होतो हे आपल्याला माहीत नसतं. अशा जागी मी `[18?]` लिहिते आणि मूळ पान दिसेपर्यंत ते पुसत नाही. ताईने तक्त्याआधी असं नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं असतं तरी झेरॉक्स काढण्याआधी कुणीतरी विचारलं असतं.

शेवटी पडताळणी. प्रश्न 23 आहेत एवढं पाहून थांबले नाही. सूचनांमधल्या गुणांच्या सीमांवर थांबून पाहिलं: 5 हा शेवटचा वस्तुनिष्ठ प्रश्न आहे का, 17 हा दोन गुणांत मावणारा आहे का, 18 आणि 21 पासून प्रश्न खरंच मोठे होतात का. वस्तुनिष्ठ 30, मग 12 प्रश्नांचे 24, तीन प्रश्नांचे 9 आणि शेवटच्या तीन प्रश्नांचे 12, एकूण 75. मग उत्तरसूचीतून मधूनमधून उत्तरं घेऊन ती प्रश्नांशी ताडली: 1(vi), 8, 13, 18, 22. पानांच्या सांध्याजवळचे क्रमांक त्यात मुद्दाम घेतले.

वाटलेल्या प्रतींचं काय

सगळ्या मुलांचा पेपर सोडवून झाला होता. काकूंचा पहिला विचार होता की नवी प्रत वाटायची आणि मुलांनी वहीत क्रमांक खोडून सुधारायचे. मला ते पटलं नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, वहीत पाच ठिकाणी खाडाखोड, त्यात कुणी एखादा क्रमांक उलट बाजूला सरकवणार, आणि मग वही तपासताना कुठला क्रमांक जुना आणि कुठला नवा हेच कळणार नाही. आम्ही वह्यांना हात लावला नाही. उत्तरसूचीतच एक रकाना वाढवला. जुन्या प्रतीतला 13 म्हणजे खरा "12 अथवा", 14 म्हणजे 13, 15 म्हणजे 14, 16 म्हणजे 15, 17 म्हणजे 16, आणि 18 मध्ये खरे 17 आणि 18 दोन्ही. काकूंनी त्या रकान्याप्रमाणे वह्या पुन्हा तपासल्या. त्या मुलीचे गेलेले दहा गुण परत आले: खऱ्या 13 ते 16 चे आठ, आणि 18 च्या उत्तरात तिने संबंध आणि माध्य दोन्ही लिहिलं होतं म्हणून खऱ्या 17 चे दोन.

एक अडचण उरली. काही मुलांनी 12 आणि "12 अथवा" दोन्ही सोडवलं होतं, कारण त्यांच्या प्रतीत ते दोन वेगळे प्रश्न होते. दोन्हींचे गुण दिले तर पेपर 77 चा झाला असता. काकूंनी दोन्हींपैकी जास्त बरोबर असेल ते धरलं. मला तो निर्णय योग्य वाटला, कारण जास्तीचं काम मुलांवर छपाईमुळे पडलं होतं.

सुधारित प्रतीच्या माथ्यावर "सुधारित प्रत" असं ठळक छापून घेतलं आणि जुन्या उरलेल्या प्रती काकूंनी त्याच दिवशी फाडल्या. दोन्ही प्रती एकत्र फिरत राहिल्या असत्या तर पुढच्या तुकडीत तोच घोळ पुन्हा झाला असता, आणि तेव्हा जुळवणीचा रकाना कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

हीच रीत प्रत्येक पेपरला पुरत नाही. द्विभाषी पेपरात एकच प्रश्न आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत येतो, क्रमांक दोन्हींना तोच. हिंदी भाग पानाच्या तळाशी आणि इंग्रजी पुढच्या पानाच्या माथ्यावर गेला तर तोच क्रमांक दोनदा दिसतो, आणि तो दोनदाच उतरवायचा असतो, दुसऱ्या वेळी पुढचा क्रमांक द्यायचा नसतो. आणि कधीकधी मूळ पेपरच चुकलेला असतो, 14 दोनदा छापलेला किंवा 9 गायब. तिथे आपण सुधारणा करायची नाही. जसं छापलं आहे तसंच ठेवून कंसात "मुळात असेच" लिहायचं, कारण शाळेची उत्तरसूची त्याच चुकलेल्या क्रमांकांवर बेतलेली असते.

फोटो पाठवणाऱ्या मुलांसाठी काकूंनी आता ग्रुपच्या माहितीत चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. पिन काढू नका, पानं उलटत 1 पासून फोटो काढा. पानाची चारही टोकं आणि खालचा पान क्रमांक फोटोत आला पाहिजे. कापू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पहिल्या फोटोबरोबर एकूण पानं किती आणि संच कुठला, ते लिहा.